दोन मिलिमीटरांचे लिटर

वडाळ्याच्या पूर्व अंगाला, जिथे बंदराकडच्या तेलसाठ्यांमुळे आणि ट्रक टर्मिनलच्या वर्दळीमुळे टँकर हे वाहन रस्त्याच्या नित्य परिचयाचे झाले आहे, तिथल्या एका डिझेल पंपावर सकाळची विक्री सुरू होण्यापूर्वी भूमिगत टाकीचे झाकण उघडून डिप घेतात, ती क्रिया मी जवळ उभा राहून पाहिली. माणसाने पट्टी फडक्याने कोरडी केली, अदमासे जिथवर तेल असेल त्या भागावर खूण उठून दिसावी म्हणून लेप लावला, पट्टी सावकाश, सरळ खाली सोडली, तळ लागताच हात थांबवला आणि वर काढून ओल्या रेषेवरचा आकडा वाचला. मग तक्त्यात त्या मिलिमीटरांसमोरचे लिटर शोधून ते वहीत उतरवले. डिपचे मिलिमीटर कोणी लक्षात ठेवत नाही. दफ्तरी राहतात ते लिटर.

पण अनिश्चितता मिलिमीटरांत असते. हात किंचित हलतो, तेलाची रेषा जराशी वर चढते, डोळा तिरका पडतो. तेव्हा त्याच पातळीची वाचने सरासरीभोवती विखुरतात. हे विखुरणे, म्हणजे प्रमाण विचलन, २ मिलिमीटर धरू. त्याचे लिटर किती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही, कारण टाकी आडवी पडलेल्या नळकांड्यासारखी आहे; तिच्या मध्यावर पृष्ठभाग रुंद, तर तळाशी अरुंद.

इथे टेलरच्या विस्ताराची पहिली पायरी कामी येते. वक्र कितीही वाकडा असला तरी अगदी लहान तुकड्यात तो आपल्या स्पर्शिकेहून फारसा निराळा नसतो. म्हणून सरासरी उंचीपाशी वक्राच्या जागी स्पर्शिका घेतली, की फलाची सरासरी म्हणजे सरासरी उंचीवरचे फल, आणि प्रचरण म्हणजे उताराचा वर्ग गुणिले मूळ प्रचरण:

E[g(X)] ≈ g(μ),  Var[g(X)] ≈ [g′(μ)]² σ²

हिशेबापुरती टाकी २ मीटर व्यासाची आणि ६.४ मीटर लांबीची घेऊ. उतार म्हणजे त्या पातळीवरच्या तेलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ. पातळी १ मीटर असता ते १२.८ चौरस मीटर भरते, म्हणजे दर मिलिमीटरला १२.८ लिटर, साठा १०,०५३ लिटर आणि प्रमाण विचलन सुमारे २६ लिटर. पातळी २०० मिलिमीटरवर आली, की पृष्ठभाग ७.६८ चौरस मीटरच उरतो आणि विचलन १५ लिटरांवर येते. मात्र साठाही आता १,०४६ लिटरच असल्याने तेच विचलन सापेक्षतेने पाव टक्क्यावरून दीड टक्क्यावर जाते. हात तोच, पट्टीही तीच.

सरासरीच्या बाबतीत स्पर्शिका वक्रतेला डावलते, त्याची किंमत दुसऱ्या पदाने, ½ g″(μ) σ² ने, कळते. २०० मिलिमीटरवर ती ३४ मिलिलिटर आहे; तिची दखल कोणी घेऊ नये. परंतु टाकी जवळपास रिकामी, पातळी २० मिलिमीटर, आणि घाईने घेतलेल्या डिपचे विचलन १० मिलिमीटर असेल, तर साठा ३४ लिटर, विचलन २५ लिटर आणि नुसत्या वक्रतेने येणारा कल ३ लिटरांहून अधिक, असा प्रकार होतो. तिथे विखुरण्याच्या पल्ल्यातच उतार बदलतो आणि पद्धतीचा आधार सुटतो. ओळखायची खूण सोपी: सरासरीच्या एक-दोन विचलने अलीकडे-पलीकडे उतार काढून पाहावा, तो फारसा बदलत नसेल तर उत्तर मानावे. पट्टी तिरकी सोडल्याने येणारी चूक मात्र या हिशेबात येतच नाही, कारण ती नेहमी आकडा वाढवते. विखुरणे मोजणाऱ्या सूत्राला एकाच दिशेने ओढणारी चूक दिसत नाही.

या सगळ्याचा उपयोग वहीत तफावत निघते तेव्हा होतो. दिवसाची घट दोन डिपांच्या वजाबाकीवरून काढून मीटरवरच्या विक्रीशी ताडतात, आणि दोन्ही चुका परस्पर स्वतंत्र असल्यास प्रचरणांची बेरीज होते; टाकी मध्यापाशी असताना वजाबाकीचे विचलन २६ नव्हे, सुमारे ३६ लिटर येते. म्हणून एका सकाळी ३० लिटर कमी भरले, एवढ्यावरून कोणाकडे खुलासा मागणे मला अन्यायाचे वाटते. पण रोज तेवढेच कमी भरू लागले, तर गोष्ट निराळी. आजचा अखेरचा डिप हाच उद्याचा आरंभीचा असल्याने आठवड्याच्या बेरजेत मधल्या साऱ्या चुका एकमेकींना छेदतात, फक्त पहिला आणि शेवटचा डिप उरतो, आणि मीटरची चूक बाजूला ठेवली तर २१० लिटरांची तूट त्याच ३६ लिटरांच्या विचलनाशी ताडून पाहायची असते. अशा वेळी टाकी किंवा नळ कुठे गळतो आहे का, हे आधी तपासावे.