चार मिनिटांचे सहाशे रुपये

एका मित्राची पुण्यात छोटी कंपनी आहे. तिच्या बिलांच्या फायलीत मला एक ओळ दिसली : फोनवर चर्चा, ४ मिनिटे, आकारणी ०.२५ तास, ६०० रुपये. मित्र नुसता हसला. म्हणाला, ‘‘अरे, सगळेच असं लावतात.’’ मला मात्र ते पटेना. चार मिनिटांची पंधरा कोण करतं, कुठे बसून करतं आणि करताना त्याच्या मनात काय असतं, हे बघायची इच्छा झाली. म्हणून तासांवर काम करणाऱ्या पाचसहा सल्लागारांची बिलं करून देणाऱ्या एका ताईंकडे महिनाअखेरीला जाऊन बसलो.

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरची खोली. एका भिंतीला लोखंडी कपाट, टेबलावर दोन पडदे. त्यातल्या एकावर एका डेटाबेस सल्लागार मुलीच्या टायमरची यादी उघडलेली. मुलगी कोथरूडला घरून काम करते. दर तासाला २,४०० रुपये, म्हणजे मिनिटाला ४०. एका कंपनीशी तिचा करार आहे : महिन्याला जास्तीत जास्त ४० तास. काम सुरू केलं की टायमर चालू, थांबलं की बंद, आणि प्रत्येक नोंदीपुढे काय केलं ते एका ओळीत. महिना संपला की ही यादी ताईंकडे येते.

ताईंचं पहिलं काम म्हणजे यादी वाचणं. रक्कम बघायची नाही, नुसतं वाचायचं. जेवणाच्या वेळेला चालू राहिलेला टायमर त्यांना लगेच दिसतो : दुपारी साडेबाराला सुरू झालेली नोंद तीनपर्यंत सरळ धावते आणि तिच्यापुढे वर्णन मात्र ‘बॅकअप तपासला’ इतकंच. मग फोन जातो. ‘‘अगं, अडीच तास बॅकअप बघत होतीस का?’’ पलीकडून, ‘‘नाही हो ताई, जेवायला उठले होते.’’ नोंद दुरुस्त होते. ज्या नोंदींपुढे नुसतं ‘काम’ किंवा ‘मीटिंग’ असतं, त्याही परत जातात. ताईंच्या मते बिल अडतं ते आकड्यांपेक्षा अशा रिकाम्या वर्णनांवर.

मग येते मिनिटांची गोष्ट. मी हट्टाने २५ तारखेचा दिवस उघडायला लावला, कारण त्यात चार मिनिटांचा एक फोन होता. मित्राच्या बिलातला नव्हे, दुसराच. पण चार मिनिटांचाच. त्या दिवशी पाच नोंदी होत्या : ७, २२, ४८, ४ आणि ३१ मिनिटं. बेरीज ११२ मिनिटं, म्हणजे एक तास बावन्न मिनिटं.

ताईंनी कागद पुढे ओढला. प्रत्येक नोंद पंधरा मिनिटांच्या पुढच्या टप्प्याला नेली, तर १५, ३०, ६०, १५, ४५. झाले पावणेतीन तास, ६,६०० रुपये. प्रत्येक नोंद जवळच्या टप्प्याला आणली, तर सातचे शून्य होतात, चारचेही शून्य. एकूण दीड तास, ३,६०० रुपये. नोंदींना हात न लावता दिवसाची बेरीज एकदाच पुढच्या टप्प्याला नेली, तर बरोबर दोन तास, ४,८०० रुपये. काम तेच, टायमर तोच, मुलगीही तीच, आणि ३,६०० पासून ६,६०० पर्यंत तीन बिलं. तिन्हींवर ‘पंधरा मिनिटांच्या टप्प्याने’ असं एकच वाक्य लिहिता येतं आणि ते तिन्ही वेळा खरं असतं. करारात टप्पा लिहिलेला असतो. तो नोंदीला लावायचा की दिवसाला, आणि वर न्यायचं की जवळ आणायचं, हे बहुतेक वेळा लिहायचं राहून जातं.

टप्पे पंधराचे किंवा सहाचेच का, असंही मी विचारलं. अमेरिकेतले वकील सहा मिनिटांचा टप्पा धरतात, हे ऐकून होतो. उत्तर अगदी साधं निघालं. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, ०.१, पंधरा म्हणजे ०.२५. दशांशात दोन्ही पूर्ण बसतात. वीस मिनिटं बसत नाहीत. ३८ तास २० मिनिटं लिहायला गेलं की ३८.३३ होतात, त्याला २,४०० ने गुणलं की ९१,९९२ येतात आणि खरे पैसे असतात ९२,०००. ‘‘आठ रुपयांसाठी त्यांच्या अकाउंट्सवाल्याची मेल येते,’’ ताई म्हणाल्या. त्याहून वाईट चूक नवख्यांची. एक तास पंचेचाळीस मिनिटं ते १.४५ अशी टाकतात. ती १.७५ हवी. एवढ्यात अठरा मिनिटं हवेत जातात.

शीटमध्ये मिनिटं मोजायला त्या दोन सूत्रं वापरतात. D मध्ये दिवसाची एकूण वेळ, E मध्ये टप्प्याला नेलेले तास, F मध्ये बिलात जाणारे तास.

```
E2: =CEILING(ROUND(D2*1440,0),15)/60
F2: =MAX(0,MIN(E2,40-SUM(F$1:F1)))
```

मला पहिल्या सूत्रातलं आतलं ROUND उगाच वाटलं. तसं ते नाही. एक्सेल वेळ साठवतं दिवसाचा अपूर्णांक म्हणून. पंधरा मिनिटं म्हणजे एक भागिले शहाण्णव. दोन वेळा वजा केल्या की कधीकधी उत्तर केसाएवढं जास्त येतं. पडद्यावर पंधराच मिनिटं दिसतात, पण सूत्राला ती पंधराच्या पुढे गेलेली वाटतात आणि ते थेट तिसावर उडी मारतं. म्हणून आधी १,४४० ने गुणून पूर्ण मिनिटं करायची आणि मग टप्पा लावायचा. हे ताईंना एका ग्राहकाने दाखवून दिलं होतं, फारशा गोड शब्दांत नव्हे.

दुसऱ्या सूत्रातले चाळीस म्हणजे करारातली मर्यादा. २४ तारखेपर्यंत मुलीचे साडेअडतीस तास झाले होते. २५ तारखेचे दोन तास आले तेव्हा मर्यादेत जागा उरली होती दीड तासाची. म्हणून त्या दिवसाचा दीड तास बिलात गेला आणि अर्धा तास बाहेर राहिला. पुढच्या तीन दिवसांत आणखी पावणेचार तास झाले, तेही बाहेर. एकूण सव्वाचार तास, म्हणजे १०,२०० रुपयांचं काम बिनपैशाचं. मी हळहळलो. ताईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘हेच प्रत्येक नोंदीला पंधराचा टप्पा लावून करून बघा.’’

बघितलं. चाळीस तास १९ तारखेलाच संपले. बिलाची रक्कम मात्र एका पैशाने वाढली नाही : चाळीस गुणिले २,४००, तेच ९६,०००. इथे माझ्या डोक्यातला मूळचा राग जरा गोंधळला. चार मिनिटांची पंधरा करणारा माणूस पैसे जास्त काढतो, असं मी धरून चाललो होतो. महिन्याची मर्यादा भरतच असेल, तर तसं होतच नाही. तो आपली मर्यादा हवेने भरतो, एवढंच. १९ तारखेनंतर कंपनीला वाटतं, हिचे तास संपले आणि काम तर अजून अर्धंच झालंय. आणि मुलगी पुढचे दिवस एक तर फुकट राबते किंवा फोन उचलत नाही. वर नेलेली मिनिटं कमाई देतात ती मर्यादा न भरणाऱ्या, मोकळ्या महिन्यांत. तेव्हा कामच कमी असतं आणि म्हणून असं बिल ग्राहकाच्या डोळ्यात खुपतं. मर्यादेचा करार असेल, तर नोंदीनोंदीला वर नेण्यात सल्लागाराचंही हित नाही, असं माझं मत तिथेच, त्या खुर्चीत बसून झालं.

त्या चार मिनिटांचं काय, हे तरी राहिलंच. मुलीशी फोनवर बोललो. ती म्हणाली, ‘‘काका, त्यांचा सर्व्हर अडकला होता. कोणती क्वेरी बंद करायची ते मी सांगितलं, चार मिनिटांत झालं. पण मी तेव्हा दुसऱ्या कामात होते. ते पुन्हा हातात घ्यायला चारच्या चौपट वेळ लागतो, तो कुठल्या टायमरवर येणार?’’ तिचं म्हणणं खोटं नाही. पण ते मागायची जागा वेगळी आहे. मध्येच आलेल्या फोनला किमान पंधरा मिनिटं आकारली जातील, असं करारात सरळ लिहावं. ते किमान शुल्क झालं, त्याचं कारण ग्राहकाला सांगता येतं. सगळ्याच नोंदी फुगवून तो वेळ वसूल करायला गेलं, की अठ्ठेचाळीस मिनिटं शांतपणे केलेल्या कामाचीही साठ होतात, आणि त्याला कारण देता येत नाही.

बिल स्वतः दोन मिनिटांत झालं. तास ४०.००, दर २,४००, रक्कम ९६,०००, दोन्ही पक्ष महाराष्ट्रातले, म्हणून केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी प्रत्येकी ९ टक्के, ८,६४० आणि ८,६४०, एकूण १,१३,२८०. ग्राहक दहा टक्के टीडीएस कापतो तो जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर, म्हणजे ९,६००. बँकेत येतील १,०३,६८०.

ताईंनी जास्त वेळ घेतला तो सोबतच्या तासपत्रकावर. सव्वाचार तासांच्या नोंदी त्यांनी काढून टाकल्या नाहीत. त्या तारखेसह, वर्णनासह ठेवल्या आणि पुढच्या रकान्यात लिहिलं : मर्यादेबाहेर, आकारणी ०.००. पुष्कळ सल्लागार चाळीस तास भरले की टायमरच बंद करतात, म्हणे. फुकटचं काय मोजायचं! त्याचा तोटा कराराचं वर्ष संपताना कळतो. बारा महिने कागदावर बरोबर चाळीस-चाळीस तास असतात. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने काम नेमकं चाळीस तासांचंच आहे, मर्यादा वाढवायचं कारण काय? कोणी तर अडतीसवर आणू म्हणतो. जे मोजलंच नाही, ते वाटाघाटीत दाखवणार कसं?

हे तास पुढच्या महिन्यात का ढकलत नाही, असं मी विचारलं. ‘‘करारात नाही. आणि असतं तरी मी नको म्हटलं असतं,’’ ताई म्हणाल्या. पुढचा महिना उजाडायच्या आत त्यातले चार तास गेलेले, मग त्याचे पुढे आठ. असं साचत जाऊन ते शेवटी कोणीच देत नाही. त्यापेक्षा मर्यादेच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे बत्तीस तास झाले की ग्राहकाला एक ओळीची मेल जावी : आठ तास उरले, पुढचं काम करायचं तर लेखी कळवा. या महिन्यात मुलगी ती मेल पाठवायला विसरली होती. १०,२०० रुपयांतले बरेचसे त्या एका न गेलेल्या मेलचे होते.

मी असतानाच नव्या वर्षाच्या कराराचा मसुदा ग्राहकाकडून परत आला. दिवसाच्या बेरजेला पंधराचा टप्पा त्यांनी मान्य केला, ८० टक्क्यांवरची मेलही मान्य. मर्यादा पंचेचाळीस मागितली होती, त्रेचाळीस दिली. मध्येच येणाऱ्या फोनचं किमान शुल्क मात्र लाल रेघेने कापलेलं होतं. ताईंनी ते कलम पुन्हा टाकलं, पंधराच्या जागी दहा मिनिटं लिहिली आणि मसुदा परत पाठवून दिला.