पाच माणसांसमोर सांगायची गोष्ट

संध्याकाळी साडेसात ते नऊ ही मेडिकलची खरी गर्दीची वेळ. दवाखाने सुटत असतात आणि काउंटरला पाच-सहा जण कोपर टेकून उभे असतात. अशाच एका संध्याकाळी पंचविशीच्या आसपासच्या एका मुलीने चार घड्या घातलेली चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीत रिफाम्पिसिन होतं, म्हणजे क्षयरोगाचं औषध. शेजारच्या काकूंनी तिला ‘आज इकडे कुठे?’ म्हणून विचारलं, तेव्हा दोघी एकाच सोसायटीतल्या असाव्यात हे लक्षात आलं.

औषध बांधून देऊन गप्प बसलो असतो तर गुपित राखलं गेलं असतं, पण उपचार बिघडले असते. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-तांबडी होते. घाम आणि डोळ्यांतलं पाणीही रंगतं. यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण आधी सांगितलं नसेल तर रक्तच जातंय असं वाटून माणूस गोळ्या बंद करतो. शिवाय या औषधाने यकृत गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन भराभर मोडून टाकतं, म्हणून त्या गोळीचा भरवसा राहत नाही. म्हणजे तिला विचारायला हवं होतं, ‘तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेता का?’ आणि तेही काकूंच्या देखत!

मी एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. सहसा रिकाम्या पोटी घ्या. लघवी तांबडी होईल, घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा. पाळी किंवा गर्भनिरोधनाची गोळी चालू आहे का? कागद तिच्याकडे फिरवून एवढंच म्हणालो, ‘ताई, हे वाचा आणि तिसऱ्या ओळीचं उत्तर नुसतं मान हलवून द्या.’ तिने मान हलवली. मग चौथी ओळ लिहिली: डॉक्टरांना आजच फोन करून दुसरा उपाय विचारा. कागद तिने पर्समध्ये टाकला.

मात्र त्याच दिवशी चूकही झाली, आणि ती आमचीच. मागे रॅकवर असलेल्या पोराने औषधाचं नाव मोठ्याने ओरडून विचारलं, ‘दादा, किती स्ट्रिपा?’ क्षयरोगाच्या किंवा मानसिक आजाराच्या औषधाचं नाव ओरडणं म्हणजे आजाराचं नाव ओरडण्यासारखंच आहे. आता आम्ही चिठ्ठीच मागे पाठवतो. आणलेली स्ट्रिप तिच्याशी ताडून बघतो आणि गिऱ्हाइकासमोर नावावर बोट ठेवतो. गडबडीत औषध बदलू नये म्हणून हे ताडणं लागतंच, पण त्याला आवाज लागत नाही.

‘वेगळी खोली करा’ असं सांगणं सोपं आहे. किरकोळ विक्रीच्या परवान्याला कायद्याने किमान जागा लागते ती 10 चौरस मीटर, आणि त्यात फ्रीजही बसवायचा असतो. म्हणून आम्ही काउंटरचं एक टोक मोकळं ठेवलं. तिथे पुठ्ठ्यांची रास नाही, चॉकलेटची बरणी नाही, आणि रांग दुसऱ्या टोकाला लागते. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना तिथेही मोठ्यानेच सांगावं लागतं. त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरातला कागद किंवा गर्दी ओसरल्यावरचा फोन, एवढंच हातात असतं.

कागदांची गोष्ट जास्त वाईट आहे. क्षयरोगाची औषधं 2014 पासून लागू झालेल्या एच-1 यादीत आहेत. त्यांच्यासाठी वेगळं रजिस्टर लागतं. त्यात डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. अनेक दुकानांत हे रजिस्टर बिलबुकाशेजारी उघडंच पडलेलं असतं, आणि सुटे पैसे शोधताना गिऱ्हाईक वरच्या दहा ओळी वाचून जातं. त्याची जागा काउंटरखालच्या खणात. क्षयरुग्णाची माहिती सरकारकडे नोंदवणं हे 2018 पासून औषधविक्रेत्यांचंही काम आहे. ती नोंद ठरलेल्या जागी जाते, काकूंच्या कानात नाही. हा फरक पोरांना समजावून सांगावा लागतो.

मूळ चिठ्ठी रुग्णाला परत जाते. राहतात त्या झेरॉक्सा, तारेला टोचलेल्या आणि विसरलेल्या. पूर्वी त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही हिशेब करायचो, सुट्या गोळ्यांची पुडीही बांधायचो. एकदा एका बाईंनी पुडी उलगडून शेजारणीच्या नवऱ्याचं नाव मला वाचून दाखवलं, तेव्हापासून ते बंद झालं. आता नको असलेला कागद नाव आणि औषध दोन्ही तुटतील असा आडवा-उभा फाडूनच रद्दीत जातो.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या चिठ्ठ्या मात्र फाडता येत नाहीत. पोराच्या स्वतःच्या मोबाईलवर फोटो आला की तो त्याच्या लग्नाच्या फोटोंशेजारी गॅलरीत जाऊन बसतो, आणि पोरगं नोकरी सोडून गेलं की चिठ्ठ्याही त्याच्याबरोबर जातात. म्हणून दुकानाचा फोन वेगळा ठेवला आहे. त्यावर फोटो आपोआप साठणं बंद केलंय, आणि रात्री शटर ओढण्याआधी त्या दिवसाच्या पुरवलेल्या ऑर्डरी मी स्वतः पुसतो.