‘स्वामी’ म्हणजे नेमकं कोण?

रणजित देसाईंची ‘स्वामी’ थोरल्या माधवराव पेशव्यांवर आहे, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. पण आज एखाद्या नवख्या लेखकाने असंच एका शब्दाचं नाव ठेवलं आणि ऑनलाइन दुकानातल्या नोंदीत तेवढंच भरलं, तर ‘पेशवाई कादंबरी’ असं शोधणाऱ्याला ती दिसायची कशी?

समजा, कोकणातल्या सागरी किल्ल्यांवर एक पुस्तक आलं आहे: ‘लाटांचे पहारेकरी’. नाव झकास, पण ते कवितासंग्रहालाही शोभेल. म्हणून उपशीर्षक सरळ हवं: ‘सिंधुदुर्ग ते पद्मदुर्ग: जलदुर्गांची भटकंती’. ते मुखपृष्ठ छापण्यापूर्वीच ठरवावं, कारण मुखपृष्ठावर एक आणि नोंदीत दुसरं असं चालत नाही.

ब्लर्बच्या पहिल्या दोन-तीन ओळीच पडद्यावर दिसतात, बाकीचा मजकूर ‘Read more’खाली दडतो. तरीही अनेक ब्लर्ब लेखकाच्या पुरस्कारांनी सुरू होतात! किल्ल्यात होडीने कसं पोचायचं, भरती-ओहोटीचं गणित काय, हे पुस्तकात असेल तर तेच आधी यावं.

इथे मराठीची खास अडचण येते. मजकूर बहुधा डीटीपीवाल्याकडून येतो आणि तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असला, तर पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांचा काला दिसतो. तो निदान डोळ्यांना खुपतो. ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ मात्र संगणकावर एकाहून अधिक प्रकारे टाइप होतो. दिसायला सारखा, आतले संकेत वेगळे. त्यामुळे काही ठिकाणी शोध हुकतो. साध्या मोबाइलवर शब्द टाइप करून पुस्तक सापडतं का, हे पाहिलं की चूक लगेच कळते.

ॲमेझॉनच्या केडीपीवर ई-पुस्तक टाकताना कीवर्डसाठी सात चौकटी मिळतात. शीर्षक-उपशीर्षकातले शब्द तिथे पुन्हा भरणं म्हणजे जागा वाया घालवणं. ‘मराठा आरमार’, ‘शिवकालीन किल्ले’, ‘कोकण पर्यटन’ आणि रोमन लिपीतून शोधणाऱ्यांसाठी ‘Marathi fort book’ हे जास्त कामाचे. दुसऱ्या गाजलेल्या लेखकाचं नाव टाकायचा मोह होतो. पण ते नियमांत बसत नाही.

पुढे घाटावरच्या किल्ल्यांवर दुसरा भाग येणार असेल, तर मालिकेचं नाव आणि क्रमांक त्यांच्या वेगळ्या रकान्यात भरावेत. पहिल्या भागाला ‘दुर्गभ्रमण’ आणि दुसऱ्याला ‘दुर्ग भ्रमण’ लिहिलं, तर एवढ्याशा फरकानेही दोन्ही भाग एका मालिकेत न जुळण्याचा धोका असतो.

बांधणीचा घोळ सर्वांत महागात पडतो. पेपरबॅक आणि पुठ्ठा बांधणी यांना स्वतंत्र आयएसबीएन लागतो. भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था हा क्रमांक विनामूल्य देते, तरी काही प्रकाशक एकाच क्रमांकावर दोन्ही आवृत्त्या चालवतात. मग ग्रंथालय पुठ्ठा बांधणीची प्रत मागवतं, दुकानदाराला क्रमांकावरून फरक कळत नाही आणि खोक्यातून पेपरबॅक निघतं. परत पाठवायचा खर्च कोणी द्यायचा, यावर मग पत्रव्यवहार सुरू होतो.