अडथळा मीटरवर नाही, सेकंदांवर

चारकोपच्या एका घरात दोन मित्र मोबाइलसाठी न संपणाऱ्या धावण्याचा खेळ तयार करत आहेत. रस्त्याला तीन पट्टे, समोरून येणारे अडथळे. बोट सरकवून पट्टा बदलायचा. चाचणीला शेजारपाजारचे बोलावले जातात. मी गेलो तेव्हा शेजारच्या काकू दोन-तीन अडथळ्यांतच आपटत होत्या. नंतर दहावीतल्या मुलाने मोबाइल घेतला आणि म्हणाला, "दादा, सुरुवात किती स्लो आहे, झोप येते!"

दोघांनाही खेळात धरून ठेवायचं तर आधी अडथळ्यांमधलं अंतर मीटरमध्ये मोजणं सोडावं लागतं. सेकंदाला १० मीटर वेग असताना १२ मीटरवरचा अडथळा १.२ सेकंदांनी येतो. वेग दुप्पट झाला की तोच ०.६ सेकंदांत. दिसायला आणि बोट हलायला साधारण पाव सेकंद जातो, या खेळात पट्टा बदलायला आणखी पाव. उरतो सेकंदाचा दहावा भाग. म्हणून इथे आधी अवधी ठरतो आणि त्याला वेगाने गुणून अंतर काढलं जातं. अवधी नवख्याला १.६ सेकंद, तर तरबेज खेळाडूसाठी ०.७ पर्यंत खाली.

पण समोरचा नवखा की तरबेज, हे कसं ओळखायचं? टक्कर होण्याच्या किती आधी बोट सरकलं, हे प्रत्येक अडथळ्याला नोंदवता येतं. उशिरा सरकवणारा कच्चा, असं वाटेल. पण या मुलाचं बोटही उशिराच सरकत होतं, कारण अडथळ्याच्या तोंडाशी असलेली नाणी त्याला सोडायची नव्हती. फरक दिसला तो सातत्यात. त्याचे आकडे एकमेकांच्या जवळ होते; काकूंचे कधी फार लवकर, कधी अगदी शेवटच्या क्षणी. त्यामुळे इथे शेवटच्या काही अडथळ्यांतली सरासरी नाही, तर विखुरलेपणा पाहिला जातो. तो कमी झाला की अवधी घटतो, वाढला की वाढतो.

हा बदल रस्त्याच्या एका तुकड्याला ०.०५ सेकंदापेक्षा जास्त होत नाही आणि पडद्यावर अजून न आलेल्या रस्त्यातच होतो. डोळ्यांदेखत अडथळा सरकला तर खेळाडूला लगेच कळतं की आपल्याला सांभाळून घेतलं जातंय. शेवटचा अवधी जपून ठेवून पुढची धाव त्याच्या जरा वरून सुरू होते, म्हणून मुलाला पुन्हा पहिल्यापासून रखडावं लागत नाही.

यात एक अडचण उरतेच. काकूंचे हजार मीटर आणि त्या मुलाचे हजार मीटर सारखे नाहीत, म्हणून त्यांची एकाच यादीत तुलना करणं अन्याय ठरेल. जिथे नंबर लावायचे, तिथे सगळ्यांना एकच ठरलेला रस्ता द्यावा आणि ही मदत बंद ठेवावी.