सत्त्याहत्तर टक्के रिकामा रकाना

१९१२ साली बुडालेल्या टायटॅनिकच्या ८९१ प्रवाशांची एक यादी डेटा सायन्स शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून जाते. ओळी प्रवाशांच्या, रकाने वय, वर्ग, भाडे, खोली, चढण्याचे बंदर असे. हाती घेतल्यावर पहिली तपासणी एका ओळीची:

```python
df.isnull().mean() * 100
```

`isnull` प्रत्येक घर रिकामे आहे की नाही ते सांगते. ‘आहे’ म्हणजे १, ‘नाही’ म्हणजे ०, म्हणून त्यांच्या सरासरीला शंभराने गुणले की टक्केवारी मिळते. बंदराची फक्त २ घरे रिकामी, म्हणजे ०.२ टक्के. वयाची १७७, म्हणजे जवळपास २० टक्के. खोलीची मात्र ६८७, म्हणजे ७७.१ टक्के.

बंदराची दोन घरे कशीही भरली तरी निकालात फरक पडत नाही. वय टाकून द्यायचे नाही, कारण पाचांतल्या चौघांचे माहीत आहे. पण रिकाम्या १७७ पैकी १३६ जण तिसऱ्या वर्गाचे आहेत, तेव्हा सगळ्यांना एकच सरासरी न चिकटवता ज्याच्या-त्याच्या वर्गातले मधले वय घालावे.

उरली खोली. निम्म्याहून जास्त रिकामा रकाना काढून टाका, असा ठोकताळा बरेच जण वापरतात. कोणी साठ टक्के धरतात, कोणी सत्तर. यातला कुठलाही आकडा गणिताने सिद्ध झालेला नाही. त्यामुळे कात्री चालवण्याआधी रकाना रिकामा का राहिला, हे विचारलेच पाहिजे.

इथे त्याचे उत्तर मिळते. हर्बर्ट केव्ह या कारभाऱ्याच्या मृतदेहाजवळ पहिल्या वर्गाच्या खोल्यांची यादी सापडली आणि बरीचशी माहिती तिच्यातून आली. म्हणून पहिल्या वर्गातल्या २१६ पैकी १७६ जणांची खोली माहीत आहे, तर तिसऱ्या वर्गातल्या ४९१ पैकी अवघ्या १२ जणांची. खोली माहीत असलेल्यांपैकी ६७ टक्के वाचले, माहीत नसलेल्यांपैकी ३० टक्के. म्हणजे रिकामेपणातच माहिती दडलेली आहे.

खोलीचे क्रमांक अंदाजाने भरणे चुकीचेच. २०४ नोंदींवरून ६८७ खोल्या रचणे म्हणजे कल्पनाविलास. मी मूळ रकाना काढतो आणि त्याच्या जागी ‘खोली माहीत: होय/नाही’ असा नवा ठेवतो. मात्र तोही जपून वापरावा लागतो. त्यातला बराच भाग वर्गाच्या रकान्यात आधीच आलेला आहे. शिवाय जो वाचला तो आपली खोली स्वतः सांगू शकत होता. तसे घडले असेल तिथे ‘माहीत’ हा शेरा बचावाचे कारण नसून बचावाचा परिणाम आहे. जहाज निघताना हाती नसलेली माहिती वापरून कोण वाचेल याचे भाकीत करायचे, तर ते या यादीपुरते अचूक दिसेल आणि दुसऱ्या जहाजावर फसेल. भाकीतच करायचे असेल, तर हा नवा रकानाही वगळावा.