लघु-गुरूंचा हिशेब आणि पाचाचे वर्गमूळ

'पेण' या दोन अक्षरांच्या ग्रामनामात मात्रा किती? 'पे' हे अक्षर गुरु, म्हणून त्याच्या दोन, 'ण' हे लघु, म्हणून त्याची एक, एकंदर तीन. बोलताना शेवटचा अकार आपण गिळतो, परंतु छंदःशास्त्र तो मोजते. शेजारच्या 'रोहा' या नावात दोन्ही अक्षरे गुरु, म्हणून मात्रा चार. आता प्रश्न उलटा करून पाहावा. तीन मात्रा भरावयाच्या असतील, तर लघु-गुरूंची मांडणी किती प्रकारांनी करता येईल? गुरु-लघु, लघु-गुरु आणि तीन लघु असे तीनच प्रकार निघतात. 'पेण' हा त्यांपैकी पहिला. चार मात्रांचे प्रकार पाच होतात आणि 'रोहा' हा त्यांतील एक.

या प्रकारांना आपले छंदःशास्त्रज्ञ भेद म्हणत. ते मोजण्याचा नियम विरहांकाने 'वृत्तजातिसमुच्चया'त सांगितला आणि इ. स. ११५० च्या सुमारास हेमचंद्राने तो पुन्हा मांडला. पिसा येथील लिओनार्दोचा ग्रंथ १२०२ चा; पश्चिमेकडे ही संख्यामाला त्याच्या 'फिबोनाची' या नावाने चालते. नियमाचे कारण अगदी सोपे आहे. कोणत्याही मांडणीचे शेवटचे अक्षर एक तर लघु असते, नाही तर गुरु. लघु असेल तर मागे एक मात्रा कमी उरते, गुरु असेल तर दोन कमी. म्हणून कोणत्याही मात्रासंख्येचे भेद म्हणजे तिच्या मागील दोन संख्यांच्या भेदांची बेरीज. एका मात्रेपासून आरंभ केल्यास १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ अशी माला मिळते. शून्य मात्रांची मांडणी एकच, ती म्हणजे काहीच न लिहिणे. म्हणून मालेच्या अग्रभागी आणखी एक १ ठेवावा.

या नियमात एक अडचण आहे. शंभर मात्रांचे भेद हवे असतील तर आधीच्या सर्व संख्या क्रमाने काढाव्या लागतात. मधल्या पायऱ्या न चढता इष्ट पदावर एकदम जाता येईल काय? अब्राहाम द म्वाव्र या गणितज्ञाने १७३० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे उत्तर आहे. पुढे १८४३ मध्ये बिने याने तेच सूत्र दिले व त्याचेच नाव सूत्रास चिकटले. शाळेच्या बीजगणितातील आंशिक अपूर्णांकांची रीत येत असेल, तर हे सूत्र घरी बसून काढता येते.

प्रथम मालेतील सर्व संख्या एका राशीत ओवाव्या:

ज = १ + क्ष + २क्ष² + ३क्ष³ + ५क्ष⁴ + …

येथे क्ष ला काही किंमत द्यावयाची नाही. क्ष चे घात या केवळ खुंट्या आहेत; क्ष³ च्या खुंटीवर तीन मात्रांचे भेद टांगले आहेत, इतकाच त्यांचा अर्थ. आता ज ला क्ष ने गुणले म्हणजे प्रत्येक संख्या एक खुंटी पुढे सरकते आणि क्ष² ने गुणले म्हणजे दोन. हे दोन्ही गुणाकार ज मधून वजा केले, तर क्ष² व त्यापुढील प्रत्येक खुंटीवर एका पदातून त्याच्या मागील दोन पदांची बेरीज वजा होते, म्हणजे शून्य उरते. क्ष च्या खुंटीवर १ − १ म्हणून तेथेही शून्य. आरंभीचा १ तेवढा शिल्लक राहतो. म्हणून

ज = १ ÷ (१ − क्ष − क्ष²)

अनंत माला एका लहानशा अपूर्णांकात मावली. आता छेदाचे अवयव (१ − अक्ष)(१ − बक्ष) असे पाडावे. गुणाकार करून ताडून पाहिले असता अ + ब = १ आणि अब = −१ असले पाहिजे. यावरून अ = (१ + √५) ÷ २, म्हणजे सुमारे १.६१८०, आणि ब = (१ − √५) ÷ २, म्हणजे सुमारे −०.६१८०. मग अपूर्णांकाची फोड अशी मांडावी:

ज = क ÷ (१ − अक्ष) + ख ÷ (१ − बक्ष)

दोन्ही बाजू छेदाने गुणल्या असता क + ख = १ आणि कब + खअ = ० ही दोन समीकरणे मिळतात. अ − ब = √५ असल्यामुळे त्यांचे उत्तर क = अ ÷ √५ आणि ख = −ब ÷ √५ असे येते. क सुमारे ०.७२३६ व ख सुमारे ०.२७६४, बेरीज १, तेव्हा इथवर हिशेब बरोबर.

फोड करण्याचा हेतू आता ध्यानात येईल. १ ÷ (१ − अक्ष) ही राशी म्हणजे १ + अक्ष + अ²क्ष² + … ही परिचित गुणोत्तर श्रेढी. मूळ अपूर्णांकातून संख्या बाहेर काढणे कठीण होते. दोन तुकडे होताच प्रत्येक खुंटीवरचा आकडा उघड दिसू लागतो. न मात्रांचे भेद म्हणजे

[अ^(न+१) − ब^(न+१)] ÷ √५

'पेण'च्या तीन मात्रांवर हे ताडून पाहू. अ चा चौथा घात ६.८५४१, ब चा ०.१४५९, वजाबाकी ६.७०८२, ती २.२३६१ ने भागली असता ३. पाचाचे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकाने पुरते सांगता येत नाही, आणि तरीही ते उत्तरातून निघून जाऊन पूर्णांक उरतो.

ब चे अंकमूल्य एकाहून कमी असल्यामुळे त्याचे घात झपाट्याने क्षीण होतात. दुसरा तुकडा कधीही अर्ध्याएवढा होत नाही. म्हणून केवळ अ चा घात √५ ने भागून जवळचा पूर्णांक घेतला तरी उत्तर बिनचूक येते. मोरोपंतांच्या आवडत्या आर्येचा पहिला चरण बारा मात्रांचा. अ चा तेरावा घात ५२१.००१९; भागाकार २३२.९९९, म्हणून भेद २३३. मात्र हे केवळ मात्रांचे मोजमाप झाले. आर्येत चार-चार मात्रांचे गण पाडावे लागतात, तेव्हा ५ × ५ × ५ = १२५ भेद उरतात; विषम स्थानी जगण वर्ज्य धरला म्हणजे ४ × ५ × ४ = ८०. असे निर्बंध हे सूत्र जाणत नाही.

चुका दोन ठिकाणी होतात. अ ची किंमत आखूड घेऊन १.६२ धरली, तर बारा मात्रांचे भेद २३३ ऐवजी २३७ येतात, कारण लहानशी चूक प्रत्येक घाताबरोबर वाढते. जितकी मात्रासंख्या मोठी, तितकी दशांशस्थळे अधिक घ्यावी. दुसरी चूक आरंभाची. आरंभीची पदे बदलली की अंश बदलतो: २, १, ३, ४, ७ या मालेत नियम तोच, पण अंश २ − क्ष होतो. तेथे १ च ठेवला तर सूत्र भलतीच माला देते. न च्या जागी ० व १ घालून पहिली दोन पदे मिळतात की नाही हे पाहिले, की ही चूक तत्काळ पकडता येते.

आठ-दहा मात्रांसाठी बेरीजच सोयीची, हे खरे. परंतु बेरीज जे दाखवीत नाही ते सूत्र दाखविते: एकेक मात्रा वाढली की भेद सुमारे १.६१८ पट होतात, आणि पाच मात्रांनी सुमारे अकरा पट. पाच मात्रांचे ८, दहांचे ८९, पंधरांचे ९८७. शंभर मात्रांचे भेद मोजावयास बसण्यापूर्वीच ती संख्या एकवीस अंकी येणार, हे या सूत्रावरून सांगता येते.