व्हॅक्यूम क्लीनर घेताय? वॉट नंतर, आधी पिशवी बघा

लालबाग-परळमध्ये सकाळी पुसलेला टीव्ही संध्याकाळी पुन्हा पांढुरका दिसतो. आजूबाजूला जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत असले, की घरात येणाऱ्या धुळीत सिमेंटची बारीक भुकटी असते. व्हॅक्यूम क्लीनर निवडताना पहिला विचार तिचाच करावा.

दुकानात मात्र आधी वॉटचा आकडा सांगतात. वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते ते. किती ओढते ते नव्हे. ओढण्याची ताकद किलोपास्कलमध्ये लिहितात. पण हा आकडाही फिल्टर स्वच्छ असतानाचा. बिनपिशवीच्या यंत्रात सिमेंटची भुकटी फिल्टरवर थापली जाते आणि थोड्याच वेळात जोर कमी होतो. मोटरचा आवाज चढला आणि कचरा जागीच राहिला, तर फिल्टर तुंबला असे समजावे.

समजा, घर १६० चौरस फुटांचे आहे, बाल्कनी नाही. बिनपिशवीचा डबा कचऱ्याच्या बादलीत उलटा केला की गोळा केलेली निम्मी धूळ पुन्हा खोलीत! फिल्टर धुता येतो खरा, पण तो पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नसतो, आणि जुलैत मुंबईत काय वाळते? अशा घरात फेकून देण्याची पिशवी बरी. तिचे तोंड बंद करून ती तशीच टाकता येते. कागदी पिशवीपेक्षा अनेक थरांची, न विणलेल्या कापडाची पिशवी लवकर तुंबत नाही. धुऊन वापरायची कापडी पिशवी स्वस्त पडते, पण झटकताना तोच त्रास.

घरात दम्याचा रुग्ण असेल, तर यंत्रातून बाहेर पडणारी हवा महत्त्वाची. खोक्यावर नुसते ‘हेपा टाइप’ नको, एच१३ हा दर्जा लिहिलेला हवा. हा फिल्टर पकडायला सर्वांत अवघड असलेल्या आकाराचे कणही किमान ९९.९५ टक्के अडवतो. मात्र झाकण सैल असेल, तर हवा फिल्टरला वळसा घालून निघते. अंधारात यंत्र चालू करून हवा सुटते तिथे टॉर्च मारा. धूळ तरंगताना दिसली, तर गळती आहे.

आता सर्व्हिस. पिशवी दीडशे रुपयांची आणि दीड महिन्यात एक लागत असेल, तर वर्षाला आठ, म्हणजे १२०० रुपये. म्हणून पैसे देण्याआधी त्याच मॉडेलच्या पिशव्या आणि फिल्टर दादरच्या दुकानात लगेच मिळतात का, ते विचारा. माणूस घरी येतो की यंत्र घेऊन जायचे, हेही. पिशव्याच मिळणार नसतील, तर दोन वर्षांची वॉरंटी असूनही यंत्र माळ्यावर जाते.

ओली माती किंवा प्लास्टरचे खडे साध्या यंत्राने ओढू नयेत. ते आधी झाडूने उचलावेत.